बिल्डरला दिलेले टप्प्याटप्प्याचे पैसे कसे तपासायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं बँकेच्या गृहकर्ज विभागात होतो. निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीचे लोक बिल्डरचं स्टेटमेंट घेऊन घरी येतात. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. महाराष्ट्रात, रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखाली नोंदणी असलेल्या आणि बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतलेल्यांसाठी हे आहे. उदाहरण माझ्या पुतणीचं आणि जावयांचं घेतलं आहे, कारण त्यांचा प्रत्येक कागद मी स्वतः चाळला. फ्लॅट पिंपरी-चिंचवडच्या बाजूला, मोबदला ८०,००,००० रुपये, वर ५ टक्के जीएसटी, करारनामा जून २०२२ चा.

सगळे हप्ते भरले, तरी स्टेटमेंटमध्ये थकबाकी दिसते. सुरुवात कुठून करू?

पुतणीचा फोन आला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये. "काका, ३,३१,०४१ रुपये थकलेत म्हणून मेल आलाय. सात दिवसांत भरा, नाहीतर व्याज लागेल म्हणतात. आम्ही तर एकही हप्ता चुकवला नाही." मी तिला आधी एवढंच सांगितलं की आज पैसे भरू नकोस आणि फोनवर भांडूही नकोस. करारनामा, बिल्डरने हप्ता मागितल्याची सगळी पत्रं म्हणजे डिमांड लेटर, सगळ्या पावत्या आणि बँकेचं पासबुक घेऊन रविवारी ये.

बिल्डरचं स्टेटमेंट म्हणजे त्याच्या अकाउंट्स विभागाने लिहिलेली वही. तुमच्याकडून किती येणं आहे हे तो त्यात सांगतो, पण ते ठरतं दुसऱ्या कागदांवरून. किती आणि कोणत्या टप्प्याला द्यायचं हे करारनामा ठरवतो. तो टप्पा आला की नाही हे साइट सांगते. तुम्ही किती दिले आणि कधी, हे तुमच्या बँकेचा उतारा सांगतो. म्हणून शेवटच्या बेरजेवरून वाद घालू नका. स्टेटमेंटची एक-एक ओळ उचला आणि या तिन्हींपैकी ज्याच्याशी ती जुळायला हवी त्याच्याशी जुळवा. जी ओळ जुळत नाही तिच्यावर पेन्सिलीने खूण करा. शेवटी खुणा केलेल्या ओळींची बेरीज आणि वादातला फरक एकच निघाला पाहिजे. तो निघाला नाही तर एखादी ओळ अजून तुमच्या नजरेतून निसटली आहे.

करारातला पैसे भरण्याचा तक्ता कसा वाचायचा?

नोंदणीकृत करारनाम्यात मोबदल्याच्या कलमाखाली तो असतो. कधी शेवटी वेगळं परिशिष्ट म्हणून जोडलेला असतो. बुकिंगच्या वेळी सेल्स ऑफिसने दिलेला रंगीत कागद किंवा अलॉटमेंट लेटरमधला तक्ता धरू नका. सही आणि नोंदणी झालेला तक्ताच हिशेबाला चालतो.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या रेरा नियमांबरोबर करारनाम्याचा एक नमुना दिलेला आहे. त्यात टप्प्यांची कमाल मर्यादा अशी येते: करारापूर्वी १० टक्क्यांपर्यंत, करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं म्हणजे प्लिंथ पूर्ण झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, भिंती, आतला गिलावा, फरशी, दारं-खिडक्या झाल्यावर ७५, सॅनिटरी फिटिंग, जिने, लिफ्टचे खड्डे आणि लॉबी झाल्यावर ८०, बाहेरचं प्लंबिंग, बाहेरचा गिलावा आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर ८५, लिफ्ट, पंप, विजेचं काम वगैरे झाल्यावर ९५, आणि उरलेले ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्र आल्यानंतर ताबा देताना.

या नमुन्यातले आकडे एकूण टक्के आहेत, त्या त्या टप्प्याचे नाहीत. प्लिंथला ४५ म्हणजे प्लिंथपर्यंत मिळून ४५. त्या टप्प्याचा हप्ता ४५ वजा ३०, म्हणजे १५ टक्के. काही करारनाम्यांत मात्र टप्प्यागणिक टक्के सुटे लिहिलेले असतात. तुमच्या तक्त्याच्या सगळ्या ओळींची बेरीज करा. ती १०० आली तर आकडे सुटे आहेत. शेवटचाच आकडा १०० असेल तर ते एकूण आहेत. हे आधी पक्कं केलं नाही तर पुढचा सगळा हिशेब फिरतो.

पुतणीच्या करारात हाच नमुना होता. स्लॅबचे २५ टक्के १० स्लॅबमध्ये सारखे वाटलेले, म्हणजे स्लॅबमागे अडीच टक्के, २,००,००० रुपये. प्लिंथपर्यंत ३६,००,००० आणि सहा स्लॅबपर्यंत ४८,००,०००. त्यावर ५ टक्के जीएसटी २,४०,०००. मिळून ५०,४०,०००. जीएसटी आणि टीडीएस धरून त्यांनी बरोबर एवढेच भरले होते. मग सव्वातीन लाखांच्या वर थकबाकी आली कुठून?

स्लॅब मोजताना चूक होते ती कशी?

दोन प्रकारे होते. पहिला घोळ मोजणीचा. पार्किंगच्या डोक्यावरचा स्लॅब पहिला की पहिल्या मजल्याच्या डोक्यावरचा? करारात "स्टिल्ट आणि पोडियमसह" असं लिहिलं असेल तर पार्किंगच्या वरचा स्लॅब मोजणीत धरलेला असतो. तक्त्यात किती स्लॅब आहेत ते पाहा आणि इमारतीत ओतायचे एकूण स्लॅब किती ते पाहा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. पुतणीच्या इमारतीत पार्किंग आणि वर नऊ मजले, म्हणजे दहा स्लॅब. तिथे गोंधळ नव्हता.

दुसरा घोळ शब्दांचा, आणि तोच जास्त महागात पडतो. तक्त्यात "पूर्ण झाल्यावर" लिहिलं आहे की "सुरू झाल्यावर"? पूर्ण म्हणजे काँक्रीट ओतून झालेलं. शटरिंग उभं राहिलं, सळया बांधल्या, म्हणजे स्लॅब पूर्ण झाला नाही. तरी डिमांड लेटर मात्र कित्येकदा सळया बांधताना निघते, कारण महिनाअखेरीला वसुलीचा आकडा दाखवायचा असतो.

आणि विंग बघायला विसरू नका. प्रकल्पात तीन विंग असतील तर टप्पा तुमच्या विंगचाच मोजायचा. शेजारच्या विंगचा आठवा स्लॅब पडला म्हणून तुमचा हप्ता निघत नाही.

टप्पा खरंच पूर्ण झाला आहे का, हे घरबसल्या कसं कळेल?

पहिला कागद म्हणजे आर्किटेक्टचं प्रमाणपत्र. प्रत्येक डिमांड लेटरसोबत ते मागा. लेटरहेड, सही-शिक्का आणि तारीख बघा. त्यात तुमच्या विंगचं नाव आणि स्लॅबचा क्रमांक असायला हवा. "बांधकाम प्रगतिपथावर आहे" असं मोघम लिहिलेलं प्रमाणपत्र हप्ता मागायला पुरेसं नाही.

दुसरी जागा महारेराचं, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचं संकेतस्थळ. प्रकल्पाच्या पानावर बिल्डरला दर तिमाहीला प्रगती टाकावी लागते. आर्किटेक्टच्या 'फॉर्म १' मध्ये इमारतीगणिक तक्ता असतो: खोदकाम, प्लिंथ, स्लॅबची संख्या, आतल्या भिंती आणि गिलावा, सॅनिटरी फिटिंग, जिने, बाहेरचं प्लंबिंग, लिफ्ट, आणि प्रत्येकासमोर किती टक्के काम झालं ते. ही क्रमवारी जवळजवळ करारातल्या टप्प्यांचीच आहे. म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवले की ताडून बघणं सोपं जातं. त्याची मर्यादाही ध्यानात ठेवा: तिमाहीचा आकडा जुना असतो. त्या तारखेपर्यंत अमुक स्लॅब झाले होते एवढं तो सांगतो. त्यानंतरच्या आठवड्यांसाठी साइटवर जावं लागतं.

आम्ही त्या रविवारी दुपारी साइटवर गेलो. मुकादमाने आत सोडलं नाही. मग समोरच्या रस्त्यावर उभे राहून जावई आणि मी खालून मोजत वर गेलो. सहा स्लॅब काँक्रीटचे, राखाडी, कडा साफ. सातव्याच्या जागी टेकू आणि प्लायवूडच्या पाट्या, वर बांधलेल्या सळया उन्हात गंजक्या लाल दिसत होत्या. काँक्रीट अजून ओतलेलंच नव्हतं. सातव्या स्लॅबचं डिमांड लेटर मात्र दहा दिवसांपूर्वीचं होतं. जावयांनी मोबाइलवर तारखेसह फोटो काढले, कडेला इमारतीच्या नावाची पाटी येईल असे. २,१०,००० रुपयांची मागणी आजच्या तारखेला देय नव्हती, आणि ते आता आम्ही दाखवू शकत होतो.

आम्ही भरलेला टीडीएस बिल्डरच्या स्टेटमेंटमध्ये का दिसत नाही?

जवळपास प्रत्येक स्टेटमेंटमध्ये मला ही चूक सापडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फ्लॅटची किंमत किंवा मुद्रांक मूल्य ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस खरेदीदाराने कापायचा असतो आणि सरकारला भरायचा असतो. जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस जीएसटीवर कापत नाहीत, मोबदल्यावरच कापतात. २,००,००० च्या स्लॅबचा हिशेब असा: मोबदला २,००,०००, जीएसटी १०,०००, टीडीएस २,०००. बिल्डरच्या खात्यात जाणार २,०८,०००, सरकारकडे २,०००. बिल्डरने मात्र तुमच्या नावे २,१०,००० जमा धरले पाहिजेत, कारण ते २,००० त्याच्या पॅनवर त्याच्याच कराचे म्हणून गेलेले असतात.

पुतणीच्या वेळी हा भरणा फॉर्म २६क्यूबीवर होत असे, ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत. भरल्यावर ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएस संकेतस्थळावरून फॉर्म १६बी हे प्रमाणपत्र उतरवून बिल्डरला द्यायचं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे, त्यामुळे त्यानंतरच्या हप्त्यांसाठी पोर्टलवर जो फॉर्म त्या वेळी दाखवला जातो तोच भरा. जुन्या हप्त्यांची तपासणी मात्र जुन्या फॉर्मवरूनच होईल.

जमा न दिसण्याची कारणं ठरलेली. प्रमाणपत्र बिल्डरला पाठवलंच नाही. नवरा-बायको दोघं खरेदीदार असताना दोघांच्या वाट्याचा वेगळा फॉर्म भरायला हवा होता, तो एकाच्याच नावाने भरला. किंवा पॅन चुकला. पुतणीकडे हा शेवटचा प्रकार होता. बुकिंगची पावती ज्या कंपनीच्या नावाची होती तिचा पॅन जावयांनी प्लिंथच्या हप्त्याला टाकला, आणि करारनामा होता त्याच बिल्डरच्या दुसऱ्या भागीदारी संस्थेशी. १२,००० रुपये सरकारात गेले, पण भलत्याच पॅनवर. ट्रेसेसवर दुरुस्तीचा अर्ज करावा लागला. ही चूक आमचीच होती, आणि पत्रात तसं स्पष्ट कबूलही केलं. आपली चूक मान्य केली की बाकीच्या मागण्या समोरचा माणूस नीट वाचतो, असा माझा अनुभव आहे.

पॅन घ्यायचा तो करारनाम्यात विक्रेता म्हणून ज्याचं नाव आहे त्याचा. पावतीवरचा नाही, जाहिरातीतला तर नाहीच.

बुकिंगचं टोकन स्टेटमेंटमध्ये धरलेलं नाही. पावती पुसट झाली आहे. काय करू?

आधी करारनामा उघडा. मोबदल्याच्या कलमात "करारापूर्वी किंवा करारासमयी खरेदीदाराकडून इतके रुपये मिळाले, ते विक्रेता मान्य करतो" असं वाक्य असतं. ती नोंदणीकृत दस्तातली कबुली आहे. पुतणीच्या करारात ८,००,००० मिळाल्याचं लिहिलं होतं. स्टेटमेंटमध्ये मात्र ७,००,००० च होते. मार्च २०२२ मध्ये दिलेला १,००,००० चा टोकनचा चेक सेल्स ऑफिसने वेगळ्या पुस्तकात लिहिला होता, आणि नंतर ग्राहकाच्या खात्यात तो वर्ग झालाच नाही. पावती फिकट झाली होती खरी, पण बँकेच्या उताऱ्यात चेक वटल्याची तारीख होती आणि करारात कबुली होती. त्यापुढे बिल्डरला हरकत घ्यायला जागा उरली नाही.

तसं पाहिलं तर करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त घेणं रेरा कायद्याच्या कलम १३ ने बंद केलेलं आहे. कोणी जास्त मागत असेल तर हिशेबाच्या पुढे जाऊन हा प्रश्न वेगळा विचारा.

पावत्या बँकेच्या उताऱ्याशी कशा जुळवायच्या?

प्रत्येक पावतीवर यूटीआर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, किंवा चेक क्रमांक आहे का बघा. तोच क्रमांक उताऱ्यात शोधा. स्टेटमेंटमधल्या जमेच्या तारखेशेजारी बँकेतून पैसे गेल्याची तारीख लिहा. आरटीजीएसने सोमवारी गेलेले पैसे स्टेटमेंटमध्ये पुढच्या महिन्यात जमा दाखवले असतील तर मधल्या दिवसांचं व्याज तुमच्या माथी येतं. पावती उशिरा फाडली म्हणून हप्ता उशिरा दिला असं होत नाही.

कर्ज असेल तर बँकेने थेट बिल्डरला दिलेल्या रकमांचा उतारा गृहकर्ज खात्यातून वेगळा मागवा. त्यात रक्कम, तारीख आणि ज्या खात्यात गेली त्याचा क्रमांक मिळतो.

खात्याचा क्रमांकही जुळवा. जुलै २०२४ पासून महारेराने प्रत्येक प्रकल्पाला एकाच बँकेत तीन खाती ठेवायला सांगितली आहेत, आणि खरेदीदारांचे पैसे आधी त्यातल्या जमा खात्यात यावे लागतात. डिमांड लेटरमध्ये अचानक भलतंच खातं दिसलं तर लेखी खुलासा मिळेपर्यंत पैसे पाठवू नका.

उशिराचं व्याज बरोबर लावलं आहे हे कसं तपासायचं?

तीन गोष्टी पाहा: दर, दिवस आणि कशावर.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वात वरचा एमसीएलआर, म्हणजे बँकेने कर्जासाठी ठरवलेला पायाभूत व्याजदर, अधिक २ टक्के. हाच दर बिल्डर ताबा उशिरा देतो तेव्हा त्यालाही लागतो. करारात महिना २ टक्के असं काही लिहिलं असेल तर तिथेच हरकत घ्या. दिवस मोजायचे ते मुदत संपल्यापासून. करारात डिमांड मिळाल्यावर पंधरा दिवस दिलेले असतील तर सोळाव्या दिवसापासून उशीर सुरू होतो. आणि व्याज त्या हप्त्याच्या थकलेल्या रकमेवर, सगळ्या मोबदल्यावर नाही.

पुतणीच्या प्लिंथच्या डिमांडची तारीख ३ ऑक्टोबर २०२२. मुदत १८ ऑक्टोबरला संपली. बँकेने पैसे दिले २८ ऑक्टोबरला. उशीर दहा दिवसांचा. बिल्डरच्या संगणकाने ३ तारखेपासून मोजून २५ दिवस धरले. समजायला सोपं जावं म्हणून दर ११ टक्के धरतो. १२,००,००० वर दिवसाला सुमारे ३६१.६४ रुपये पडतात. २५ दिवसांचे ९,०४१, दहा दिवसांचे ३,६१६. फरक ५,४२५. रक्कम लहान आहे, पण ही चूक संगणकाच्या सेटिंगमध्ये असते, म्हणजे पुढच्या प्रत्येक हप्त्याला तीच होणार. म्हणून ती पत्रात लिहिलीच पाहिजे.

मग ३,३१,०४१ चं काय झालं?

बिल्डरच्या वहीत देय रक्कम अशी होती: सात स्लॅबपर्यंत मोबदला ५०,००,०००, जीएसटी २,५०,०००, व्याज ९,०४१, एकूण ५२,५९,०४१. जमा ४९,२८,०००. बाकी ३,३१,०४१.

आम्ही चार ओळींवर खुणा केल्या. सातवा स्लॅब जीएसटीसह २,१०,०००, टोकन १,००,०००, प्लिंथचा टीडीएस १२,००० आणि व्याजातला फरक ५,४२५. मिळून ३,२७,४२५. ते वजा केल्यावर खरोखर देय राहिले ३,६१६, म्हणजे दहा दिवसांच्या उशिराचं व्याज. ते आम्ही त्याच आठवड्यात भरलं आणि पत्रात यूटीआर लिहिला. चारही खुणांची बेरीज फरकाशी रुपयाला रुपया जुळली, तेव्हा पुतणीने पहिल्यांदा चहाचा कप हातात घेतला.

पत्र एका पानाचं होतं. चार परिच्छेद, प्रत्येकात एक ओळ, तिचा पुरावा, आणि काय दुरुस्त करायचं ते. सोबत पुराव्यांच्या प्रती. ईमेलने पाठवलं, आणि करारात दिलेल्या पत्त्यावर पोच असलेल्या टपालानेही पाठवलं. तीन आठवड्यांनी सुधारित स्टेटमेंट आलं. सातवा स्लॅब पडल्यावर त्याची मागणी नव्या तारखेने आली आणि ती वेळेत भरली.

वाद मिटेपर्यंत पैसे थांबवून ठेवू का?

सगळे थांबवू नका. नमुना करारात असं कलम आहे की तीन हप्ते चुकले तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन बिल्डर करार रद्द करू शकतो. खरेदीदाराने वेळेत पैसे देणं ही रेरा कायद्यानेच घातलेली जबाबदारी आहे. म्हणून ज्या रकमेबद्दल वाद नाही ती मुदतीत भरा, आणि वादाची रक्कम किती व का हे त्याच मुदतीत लेखी कळवा. गप्प राहून पैसे थांबवले तर कागदोपत्री तुम्हीच थकबाकीदार ठरता.

भरताना एक काळजी घ्या. बहुतेक करारात असंही कलम असतं की तुमचे पैसे कुठल्या खाती वळते करायचे हे बिल्डर ठरवू शकतो. तुम्ही आठव्या स्लॅबचे म्हणून दिलेले पैसे तो आधी वादातल्या व्याजात जिरवतो, आणि आठवा स्लॅब अपुरा दाखवतो. हे कलम कायदेशीर येण्याबद्दलच आहे, वादातल्या रकमेबद्दल नाही, असं माझं मत. तरी आधीच सावध राहावं. प्रत्येक भरण्यासोबत ईमेल करा: ही रक्कम अमुक टप्प्याची, यात मोबदला इतका, जीएसटी इतका, टीडीएस इतका, व्याजाची रक्कम आम्हाला मान्य नाही. पुढे पावती वेगळी आली तर त्याच दिवशी हरकत घ्या.

बँकेने बिल्डरला पैसे दिले म्हणजे टप्पा तपासलेला असतो ना?

असतो, पण बँकेच्या गरजेपुरता. बँकेचा माणूस कर्जाला इमारतीची साधारण प्रगती पुरेशी आहे का एवढं बघतो. तुमच्या करारातलं "पूर्ण" की "सुरू" हा शब्द तो वाचत नाही. डिमांडबद्दल हरकत असेल तर बँकेला आधीच लेखी कळवा आणि त्या टप्प्याचे पैसे सोडू नका म्हणून सांगा. पैसे एकदा गेले की लवकर गेलेल्या रकमेवर तुमचं व्याज चालू होतं.

जीएसटीत काय बघायचं?

दर बघा आणि कशावर लावला ते बघा. बांधकाम चालू असलेल्या साध्या घराला ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्याला १ टक्का. हे दर १ एप्रिल २०१९ पासूनचे. बरेच जण म्हणतात, भोगवटा प्रमाणपत्र आलं, आता शेवटच्या ५ टक्क्यांवर जीएसटी नको. तसं नाही. तुम्ही आधी बुकिंग केलं असेल तर शेवटच्या हप्त्यालाही तो लागतो. सगळाच मोबदला प्रमाणपत्रानंतर दिला असेल तरच सुटका. मागे घेतलेल्या डिमांडवर जीएसटीही मागे घ्यायला हवा, त्यासाठी क्रेडिट नोट मागा.

ताब्याच्या वेळचं शेवटचं स्टेटमेंट वेगळं का असतं?

त्यात दोन गोष्टी मिसळतात. मोबदल्याचा उरलेला हिशेब आणि सोसायटी स्थापना, आगाऊ देखभाल, मीटर वगैरेचे पैसे. या दोन वेगळ्या कागदांवर मागा. दुसऱ्या प्रकारच्या प्रत्येक रकमेसमोर करारातल्या कलमाचा क्रमांक लिहायला सांगा. जिथे कलम नाही तिथे प्रश्न विचारा.

चटई क्षेत्रही पुन्हा मोजून घ्या. क्षेत्र ३ टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे कमी भरलं तर जादा घेतलेले पैसे बिल्डरने ४५ दिवसांत व्याजासह परत करायचे, असं नमुना करारात आहे. हा आकडा स्टेटमेंटमध्ये आपोआप येत नाही, तो मागावा लागतो.

पत्राला उत्तरच आलं नाही तर?

एक स्मरणपत्र द्या, पंधरा दिवसांच्या मुदतीचं. तेही रिकामं गेलं तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिचं शुल्क ५,००० रुपये. त्याआधी महारेराच्या सलोखा मंचाकडे जाता येतं, तिथे दोन्ही बाजू समोरासमोर बसतात. हिशेबाच्या वादात मी आधी तिथेच जायला सांगतो, कारण चार ओळींचा वाद बहुतेक वेळा टेबलावर कागद ठेवले की मिटतो. तिथे जाताना तुमचं पहिलं पत्र, पोच, आणि ज्या तारखेला साइटवर गेलात तेव्हाचे फोटो बरोबर ठेवा. पुतणीची फाइल अजून तशीच बांधून ठेवली आहे. ताबा मिळाल्यावरही तिने ती टाकलेली नाही, आणि मी टाकूही देणार नाही. अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे होणं, अजून बाकी आहे.